गोचीड काढली, तारीख लिहिली का?



आज बचतीचा हिशोब नाही, कर्जाचा हप्ता नाही. आज बोलायचंय गोचिडीबद्दल. तुम्ही म्हणाल, गोचीड काय आपल्याला नवीन आहे? गोठ्यात आहे, दारातल्या कुत्र्याच्या कानात आहे. रोज बघतो, ओढतो, नखावर चिरडतो आणि कामाला लागतो. तेच तर चुकतं. आमच्या गटातल्या एका ताईच्या घरी काय घडलं ते आधी सांगते.

त्यांचा मुलगा सात वर्षांचा. दिवसभर कुत्र्याच्या गळ्यात गळा घालून खेळायचा. एके संध्याकाळी वेणीफणी करताना ताईंना त्याच्या कानामागे गोचीड दिसली. सासूबाई म्हणाल्या, रॉकेल लाव, आपोआप सुटेल. रॉकेल लावलं, सुटली नाही. मग ताईंनी ती बोटांनी दाबून ओढली आणि नखानं चिरडली. विषय संपला.

आठवड्यानं पोराला ताप भरला. डोकं दुखतंय, पोटऱ्या दुखतायत म्हणून रडायला लागलं. गावातल्या दवाखान्यातून तापाचं आणि अँटिबायोटिकचं, अशी दोन पातळ औषधं आणली. तीन दिवस दिली, ताप हटेना. चौथ्या दिवशी मनगटावर आणि घोट्यावर लाल ठिपके दिसले. उष्णता झाली असेल, गोवर असेल, असं घरात बोलणं झालं. पाचव्या दिवशी ठिपके तळहातावर आणि तळपायावर आले, तेव्हा ताई घाबरल्या आणि त्याला तालुक्याला घेऊन गेल्या.

तिथल्या डॉक्टरबाईंनी तळवे बघितले आणि पहिला प्रश्न विचारला, "घरी कुत्रं आहे का? गोचीड चावली होती का?" ताई मला नंतर म्हणाल्या, "अगं, दहा-बारा दिवसांपूर्वीची गोचीड मी विसरूनच गेले होते. आधी कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही." त्या उत्तरावर डॉक्टरांनी रक्ततपासणीचा निकाल यायची वाट न बघता औषध सुरू केलं. दोन दिवसांत ताप उतरला. पोरगं वाचलं. पण मधले पाच दिवस वाया गेले होते.

या आजाराला गोचीड ताप म्हणतात. रिकेट्सिया नावाचे फार बारीक जंतू गोचिडीच्या अंगात असतात. ती रक्त पीत चिकटून बसली की ते आपल्यात उतरतात. प्रत्येक गोचिडीत ते नसतात, म्हणून प्रत्येक चाव्यानं घाबरायचं नाही. आणि साधारणपणे गोचीड जितका वेळ चिकटून राहील तितका धोका वाढतो. म्हणून दिसली की लगेच काढायची, पण नीट काढायची.

नीट म्हणजे कशी? भुवया कोरायचा बारीक टोकाचा चिमटा घ्या. फुगलेलं पोट पकडायचं नाही. चिमटा कातडीला टेकवून, जिथं तिचं तोंड रुतलंय तिथं धरायचा आणि सरळ वर, एकसारख्या जोरानं ओढायचं. पिळायचं नाही, हिसका द्यायचा नाही. चिमटा नसेल तर बोटांना प्लास्टिकची पिशवी किंवा कागद गुंडाळून तसंच कातडीलगत धरा. रॉकेल, चुना, मीठ, तेल, पेटती काडी यातलं काहीही लावू नका. अशानं ती सुटायची वाट बघण्यात वेळ जातो, आणि डिवचलेली गोचीड पोटातला रस आपल्याच जखमेत सोडू शकते. पोट दाबल्यावरही तोच धोका.

काढताना तोंडाचा काळा तुकडा आत राहिला तर सुईनं उकरू नका. चिमट्यात सहज आला तर ठीक, नाहीतर कातडी तो हळूहळू बाहेर टाकते. जागा साबणानं धुवा, स्पिरिट किंवा आयोडीन लावा, हातही धुवा. निघालेली गोचीड नखावर चिरडायची नाही. तिचा रस बोटावरच्या चिरेतून किंवा डोळा चोळला तर डोळ्यातून अंगात जाऊ शकतो. ती चिकटपट्टीत गुंडाळा किंवा स्पिरिटच्या बाटलीत टाका.

आणि मग सगळ्यात सोपं काम. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेवर लिहा, "गोचीड, कानामागे." पुढचे दोन आठवडे त्या माणसाकडे लक्ष ठेवा. ताप बहुतेक वेळा आठवड्याभरात येतो, पण दोन आठवड्यांपर्यंतही येऊ शकतो.

आता कुत्र्याचं. त्याच्या कानाच्या आत, गळपट्ट्याखाली, काखेत, जांघेत आणि पायांच्या बोटांमध्ये बघा. हातात पिशवी घालून, चिमट्यानं, माणसासारखीच काढायची आणि साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाकायची. हे काम पोरांना सांगू नका. कुत्र्याला रॉकेल चोळू नका. त्याची कातडी भाजते आणि ते चाटून त्याच्या पोटात जातं. जनावरांवर फवारायचं औषध अंदाजानं कुत्र्याला लावू नका. पशुवैद्यकाला कुत्र्याचं वजन सांगा आणि ते सांगतील तेच औषध लावा. घरात मांजर असेल तर तेही सांगा, कारण कुत्र्याची काही औषधं मांजराला विषारी असतात.

फक्त कुत्रं साफ करून भागत नाही. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली पडते आणि भिंतीच्या भेगेत, दगडाखाली हजारो अंडी घालते. म्हणून कुत्रं जिथं झोपतं तिथलं पोतं उकळत्या पाण्यातून काढा, भेगा बुजवा, आणि पोराला त्याच पोत्यावर लोळू देऊ नका.

आता खुणा लक्षात ठेवा. अचानक भरलेला जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी. दोन-चार दिवसांनी मनगट-घोट्यांपासून सुरू होणारे ठिपके, जे तळहात-तळपायांवरही येतात. कधी चाव्याच्या जागी विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसते, पण ती नसली म्हणजे आजार नाही असं नाही. ठिपकेही काहींना उशिरा येतात, आणि सावळ्या अंगावर ते पटकन दिसत नाहीत. म्हणून उजेडात नेऊन तळवे बघा. गोचिडीची पिल्लं मोहरीएवढी असतात. त्यामुळे चावलेलं कळलंच नाही, असंही होतं. चावा आठवत नसला तरी घरात कुत्रं किंवा जनावर आहे, एवढं डॉक्टरांना सांगाच.

सुरुवातीला हा ताप डेंग्यूसारखा वाटतो. पहिल्या दिवसांत रक्ताचा निकाल बरोबर येईलच असं नसतं, म्हणून डॉक्टर संशयावरच औषध देतात. ते औषध डॉक्सीसायक्लिन. नेहमीची बरीचशी पातळ अँटिबायोटिक या जंतूवर चालत नाहीत. हे लहान मुलांनाही देतात, पण किती आणि किती दिवस ते डॉक्टरच ठरवतात. मेडिकलमधून आपल्या मनानं आणायचं नाही. बाई गरोदर असेल तर ते आधी सांगा. औषध लवकर सुरू झालं तर दोन-तीन दिवसांत ताप उतरायला लागतो. उतरला नाही तर परत जाऊन दाखवा.

पेशंट गुंगीत जायला लागला, झटके आले, धाप लागली, लघवी कमी झाली, हातपाय सुजले किंवा बोटांची टोकं, कानाच्या पाळ्या काळ्या पडू लागल्या, तर सकाळची वाट बघू नका. रात्रीच मोठ्या दवाखान्यात न्या.

त्या ताईंच्या घरी आता दिनदर्शिकेला दोरीनं एक चिमटा बांधलाय. बाजूला पेन अडकवलंय. मागच्या महिन्यात धाकटीच्या पोटरीवर गोचीड निघाली. त्यांनी काढली, धुतलं, तारीख लिहिली. चौदा दिवस झाले, ताप आला नाही, मग त्या तारखेवर बरोबरची खूण केली.

तुमच्या घरी चिमटा कुठे आहे, ते आज बघून ठेवा.