दुरुस्ती कोणाची? घरमालकाचे एक पत्र



घर भाड्याने देताना भाडे किती, अनामत किती आणि घर कधी रिकामे करायचे, एवढ्या तीन गोष्टी बहुतेक ठिकाणी ठरतात. नळ गळू लागला, छताला ओल आली किंवा मोटार जळली तर खर्च कोणी करायचा, हे मात्र कोणी बोलत नाही. मग जून-जुलैत पहिला मोठा पाऊस पडतो, भिंतीला पोपडे येतात आणि वर्षभर चांगले असलेले संबंध अनामतीच्या रकमेवरून बिघडतात.

माझे लातूरला दोन खोल्या आणि स्वयंपाकघराचे घर आहे. मी राहतो नांदेडला. घर एका शिक्षक कुटुंबाला भाड्याने दिले, तेव्हा करारासोबत त्यांना एक पत्र दिले. कोणती दुरुस्ती माझी आणि कोणती त्यांची, एवढाच त्याचा विषय. त्या पत्रात काय लिहिले आणि तसे का लिहिले, ते आज सांगतो.

आधी कायदा थोडक्यात. आपला भाग पूर्वीच्या हैदराबाद राज्यातला, त्यामुळे येथे 1954 चा हैदराबादचा घरभाडे कायदा चालत असे. 31 मार्च 2000 पासून त्याची जागा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 ने घेतली. त्याचे कलम 14 सांगते की, घर राहण्याजोगे ठेवण्याची दुरुस्ती घरमालकाने करायची. मात्र त्यात एक अट आहे : भाडेकरूने याच्या उलट काही कबूल केलेले नसेल तर. म्हणून करारात ‘सर्व प्रकारची दुरुस्ती भाडेकरूने स्वखर्चाने करावी’ अशी एक ओळ घातलेली असते, तिच्यावर न वाचता सही करू नये. छापील नमुन्यातली ती एक ओळ कायद्याने मिळालेले संरक्षण काढून घेऊ शकते.

दुसरी बाजू मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 108 मध्ये आहे. घर ज्या स्थितीत मिळाले त्या स्थितीत भाडेकरूने परत द्यायचे; मात्र नेहमीच्या वापराने होणारी झीज आणि माणसाच्या हाताबाहेरची आपत्ती यांचा दोष त्याच्यावर येत नाही. त्याच्या किंवा त्याच्या माणसांच्या हातून काही बिघडले आणि मालकाने तसे कळवले, तर तीन महिन्यांत ते त्याने दुरुस्त करून द्यायचे.

या दोन्ही कलमांतून मी पत्रासाठी एकच सूत्र घेतले. मी लिहिले, ‘सर, काय बिघडले यापेक्षा का बिघडले, हे आपण आधी पाहू. घर जुने झाल्यामुळे किंवा बांधकामातल्या दोषामुळे बिघडले तर ते माझे. रोजच्या वापरातली लहान वस्तू झिजली, किंवा हयगयीने काही तुटले, तर ते तुमचे.’

पत्रातली पहिली यादी माझी. पाया, भिंती, छत, गच्ची, भिंतीतले नळाचे पाइप, भिंतीतले वायरिंग, मैलापाण्याची मुख्य नळी, बाहेरचा रंग. दुसरी यादी त्यांची. नळाचा वायसर, फ्लशच्या टाकीतला बॉल कॉक, बटणे आणि दिवे, कड्या-कुलपे, फुटलेली काच, डासांची जाळी, न्हाणीच्या मोरीत अडकलेला कचरा. या वाटणीसाठी केंद्र सरकारने 2021 मध्ये राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श भाडेकरार कायद्याची दुसरी अनुसूची मला उपयोगी पडली. तो केवळ नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो बंधनकारक होत नाही. पण दोन माणसांना आपसात ठरवायला तो चांगला आधार आहे.

मात्र दिल्लीत तयार झालेल्या यादीत लातूरची माती आणि लातूरचे पाणी येत नाही. त्यासाठी मला पत्रात दोन वेगळे परिच्छेद घालावे लागले.

पहिला मातीचा. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्यासोबत पायाही थोडा हलतो. मग मे महिन्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते, दाराची चौकट तिरकी होते आणि दार घासू लागते. पावसाळा लागला की तीच भेग मिटल्यासारखी दिसते. अशी ऋतूप्रमाणे उघडमीट करणारी भेग भाडेकरूने ठोकलेल्या खिळ्याने पडत नाही. म्हणून लिहिले, ‘तिरपी भेग आणि घासणारे दार माझे. कळवा, सुताराकडून परस्पर दार तासून घेऊ नका.’ कारण उन्हाळ्यात तासलेल्या दाराला पावसाळ्यात फट पडते.

दुसरा पाण्याचा. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे आपण विसरलेलो नाही. घरोघरी बोअर आहे आणि बोअरच्या पाण्यात क्षार आहेत. ते नळाच्या तोंडाशी आणि गिझरच्या कॉईलवर पांढरा थर धरतात. थर काढणे आणि वायसर बदलणे त्यांचे. पण गिझरची टाकीच आतून गंजली किंवा भिंतीतला पाइप क्षाराने चोंदला, तर ते माझे. मोटारीचा प्रश्न अधिक खर्चाचा. उन्हाळ्यात बोअरचे पाणी खाली गेले की मोटार कोरडी चालते आणि जळते. पाणी संपताच मोटार बंद करणारे उपकरण मी पॅनेलमध्ये बसवून दिले आणि लिहिले, ‘हे उपकरण असताना मोटार जळली तर खर्च माझा. ते काढून मोटार थेट जोडली आणि जळली, तर तुमचा.’

आता एक प्रसंग सविस्तर सांगतो. भांडणे सर्वांत जास्त ओलीवरून होतात, म्हणून ओलीचाच घेतो. पहिल्याच जुलैत सरांचा फोन आला, ‘आतल्या खोलीच्या छताला ताटाएवढा डाग पडलाय.’ डाग एकच, पण त्याची कारणे तीन असू शकत होती. गच्चीच्या कोब्याला भेग पडली असेल तर खर्च माझा. गच्ची त्यांच्या वापरात होती, तेव्हा पावसाच्या पाण्याची जाळी पालापाचोळ्याने बुजून गच्चीवर पाणी तुंबले असेल तर जाळी साफ करणे त्यांचे. आणि वरच्या टाकीचा पाइप गळत असेल तर पुन्हा माझे.

कारण शोधायला गवंड्याची गरज लागली नाही. मी सरांना सांगितले, डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढा आणि शेजारी तारीख लिहा. उघडीप असताना टाकीचा पाइप दोन दिवस बंद ठेवला. रेघ पुढे गेली नाही; पण पाऊस नसताना ती तशीही पुढे जाणार नव्हती, म्हणून पाइप सुरू करून आणखी दोन दिवस पाहिले. तेव्हाही डाग वाढला नाही, म्हणजे पाइप निर्दोष. मग सरांनी जाळी साफ केली. तिच्यातून पाने आणि कबुतराच्या घरट्याच्या काड्या निघाल्या. पुढच्या पावसात पाणी झरझर वाहून गेले, तरी डाग रेघेच्या चार बोटे पुढे सरकला. शेवटी उघडीप पाहून जाळी बंद केली आणि गच्चीवर दोन इंच पाणी चोवीस तास उभे केले. सकाळी छतावर थेंब धरले. कोब्यालाच भेग होती.

भेगा खोलून भरणे, वर दोन हात रसायनाचे आणि आतून डागाच्या जागी रंग, असा 18,500 रुपये खर्च आला. तो मी दिला. आतला रंगही मीच दिला, कारण तो गच्चीच्या दोषाने खराब झाला होता.

समजा, मालकाने हे केले नाही. तर भाडेकरूने काय करायचे? भाडे थांबवायचे नाही. थकबाकीची लेखी नोटीस मिळाल्यावर नव्वद दिवसांत भाडे भरले नाही, तर मालकाला घर रिकामे करून घेण्याचा दावा लावता येतो. कलम 14 ने वेगळी वाट दिली आहे. दुरुस्तीची लेखी नोटीस पोस्टाने पाठवायची. पंधरा दिवसांत मालकाने काम केले नाही, तर ते स्वतः करून घ्यायचे, प्रत्येक पावती जपायची आणि खर्च भाड्यातून वळता करायचा. त्याला मर्यादा आहे : एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. माझ्या घराचे भाडे महिना 8,000, म्हणजे वर्षाचे 96,000. त्याचा चौथा हिस्सा 24,000. गच्चीचे 18,500 त्यात बसतात. खर्च 30,000 झाला असता, तर त्या वर्षी 24,000 च्या पुढे वळते करता आले नसते.

येथे एक सावधगिरी. अकरा महिन्यांचा ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार असेल, तर राहणारा कायद्याच्या अर्थाने भाडेकरू नसतो. कलम 14 भाडेकरूविषयी बोलते. त्यामुळे अशा घरात दुरुस्तीची वाटणी करारातच शब्दांत लिहिलेली असणे अधिक गरजेचे आहे.

पत्रात शेवटी मी आणखी एक गोष्ट लिहिली. ‘बिघाड दिसल्यावर कळवणे तुमचे काम, कळल्यावर करणे माझे. मी नांदेडला असतो; मला तुमच्या छताचा डाग दिसत नाही. आठ दिवसांत कळवलेला डाग माझा. वर्षभर न कळवल्यामुळे पंख्याच्या वायरिंगपर्यंत गेलेली ओल पूर्णपणे माझी राहणार नाही.’

पत्राच्या दोन प्रती केल्या, दोन्हींवर दोघांच्या सह्या झाल्या. सोबत घर देताना असलेल्या स्थितीची यादी जोडली : किती पंखे, किती नळ, कोणती फरशी तडकलेली, कोणत्या खिडकीची काच आधीच फुटलेली. तारखेसह फोटो काढले. आधीची तडकलेली फरशी लिहून ठेवलेली असली की घर सोडताना ती अनामतीतून कापली जात नाही.

हे पत्र मी कराराचे परिशिष्ट म्हणून नोंदवले. 1999 च्या अधिनियमाच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी नसेल, तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. मालकाला तुरुंगवास किंवा दंडही होऊ शकतो. तेव्हा भाडेकरूंनी नोंदणीच्या आधी ही वाटणी लिहून मागावी, आणि घरमालकांनी मागण्याची वाट न पाहता ती लिहून द्यावी. एक पान पुरते.