लीख की नुसतीच पांढरी नळी?

आम्ही पारनेर तालुक्यातल्या बचत गटांचं काम बघतो. गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला की घरच्या गोष्टी निघतातच, आणि शाळा सुरू झाली की मुलींच्या डोक्यातल्या लिखांचा विषय हमखास निघतो. आज त्याच विषयातली एक बाजू सांगायची आहे. केसांवर दिसणारा प्रत्येक पांढरा कण म्हणजे लीख नसते.

एका वस्तीवरच्या सातवीतल्या मुलीची गोष्ट सांगतो. तिच्या केसांत, कानांच्या वर आणि भांगाच्या दोन्ही बाजूंना, पांढरे कण दिसू लागले. वर्गात मुली तिच्याशेजारी बसेनात. तिच्या आईने दुकानातून उवांचं औषध आणून लावलं. कण गेले नाहीत, म्हणून महिन्याभरात आणखी दोनदा लावलं. तरी कण तसेच. मग घरात बोलणं सुरू झालं की केस बारीक कापून टाका, नाहीतर रॉकेल लावा. आई रडवेली होऊन बैठकीत आली. आम्ही तिला म्हटलं, आधी दिवसाउजेडी नीट बघू, मग ठरवू.

बघायचं काय, ते सांगतो. ऊ अंडं घालते ते केसाच्या मुळाजवळ, कारण त्याला डोक्याची ऊब लागते. जास्त करून कानांच्या मागे आणि मानेवर. अंडं असतं खसखशीच्या दाण्याएवढं, लांबट गोल. ते केसाच्या एकाच बाजूला, थोडं तिरकं चिकटलेलं असतं, जशी फांदीला एखादी कळी. ऊ त्याला डिंकासारख्या पदार्थाने असं पक्कं चिकटवते की बोटांनी ओढलं तरी ते सरकत नाही. दोन नखांत धरून खेचावंच लागतं. ही झाली लीख.

त्या मुलीच्या केसांवर होतं ते वेगळं. कण तिळाएवढे, काही त्याहून लांब, पण अगदी बारीक आणि दोन्ही टोकांना सारखे. केसाच्या एका बाजूला चिकटलेले नव्हते. केस त्यांच्या मधून गेलेला होता, जसा दोऱ्यात मणी ओवलेला असतो. आम्ही एक केस ताणून धरला आणि दोन बोटांनी कण हळूच ओढला, तर तो केसावरून सरसर सरकत टोकापर्यंत आला आणि निघून हातात आला. पाच-सहा केसांवर तसंच केलं, सगळे सरकले. लीख अशी सरकत नाही. घरी ओळखण्याची ही सगळ्यात सोपी खूण.

मग हे असतं काय? प्रत्येक केसाचं मूळ कातडीच्या आत एका पातळ आवरणात असतं. केस वाढून बाहेर येतो तेव्हा ते आवरण आतच विरून जातं, आपल्याला दिसतही नाही. पण मुळाला सतत ओढ बसली, तर त्या आवरणाचा तुकडा नळीसारखा केसाभोवती राहून केसाबरोबर बाहेर येतो. अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ आल्बर्ट क्लिगमन यांनी १९५७ साली या नळ्यांवर लिहिलं होतं. डॉक्टर याला ‘हेअर कास्ट’ म्हणतात. त्यात जीव नसतो, त्यातून ऊ निघत नाही, आणि एकीच्या डोक्यातून दुसरीच्या डोक्यात हे जात नाही.

ओढ कुठून येते, ते आपल्याला माहीत आहे. शाळेत दोन वेण्या हव्यात, त्याही वर दुमडून रिबिनीने घट्ट बांधलेल्या. केस सुटू नयेत म्हणून आई सकाळी जोर लावून वेणी घालते, आणि ती संध्याकाळपर्यंत तशीच राहते. त्या मुलीचे कण कानांच्या वर आणि भांगाच्या कडेला होते, म्हणजे जिथे वेणीची ओढ जास्त, तिथेच. उवांचं औषध ऊ मारतं. ही तर कातडीची नळी, तिला औषधाने काय होणार? म्हणून तीनदा लावूनही कण गेले नाहीत.

तिसरा प्रकार आहे नुसत्या चिकटलेल्या मळाचा. शिकेकाईची पूड नीट धुतली गेली नाही, मेंदी राहिली, शाम्पू किंवा कंडिशनर केसांत सुकलं, लग्नात केसांना फवारा मारला, की केसांवर कण धरतात. त्यांना ठरावीक आकार नसतो, एक मोठा तर एक लहान. ओल्या बोटांत चोळले की ते विरघळतात किंवा भुगा होतात. कोंडा तर झटकला तरी पडतो. नळी मात्र धुण्याने विरघळत नाही, ती सरकवूनच काढावी लागते.

आता एक सावधगिरी. नळ्या सापडल्या म्हणून उवा नाहीत, असं लगेच म्हणायचं नाही. दोन्ही एकाच डोक्यात असू शकतात. म्हणून त्या मुलीचे केस आम्ही ओले करून तेल लावलं, बारीक दातांच्या फणीने मुळापासून टोकापर्यंत विंचरलं आणि दर वेळी फणी पांढऱ्या फडक्याला पुसली. सगळं डोकं भाग पाडून, विशेषतः मानेवर आणि कानांमागे. एकही जिवंत ऊ निघाली नाही. चार दिवसांनी आईने पुन्हा तसंच बघितलं, तेव्हाही नाही. म्हणजे औषधाची गरज नव्हती.

जिवंत ऊ सापडली तर मात्र औषध लावायचं, पाकिटावर लिहिल्याप्रमाणे, आणि सांगितलेल्या दिवसांनी दुसऱ्यांदा. त्यानंतरही पांढरी, रिकामी टरफलं केसाला चिकटून राहतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणून मुळापासून दोन-तीन सेंटिमीटर लांब असलेलं टरफल बहुतेक जुनं, फुटून गेलेलं असतं. फणीवर जिवंत ऊ येत नसेल, तर नुसत्या टरफलांसाठी पुन्हा औषध नको.

रॉकेल आणि शेतातलं फवारणीचं औषध तर कधीच नको, उवा असल्या तरी नको. रॉकेल लावलेलं डोकं चुलीजवळ गेलं तर पेट घेतं. शेतातलं औषध डोक्याच्या कातडीतून अंगात जातं, विषबाधा होते. ज्या कणांत जीवच नाही, त्यांच्यासाठी मुलीचा जीव धोक्यात घालायचा का?

त्या मुलीच्या आईने काय केलं? न्हाताना नळ्या फणीने सरकवून काढल्या. वेण्या सैल घातल्या, शाळेतून आल्यावर सोडल्या, रात्री केस मोकळे ठेवले. शाळेतल्या बाईंना जाऊन एका केसावरची नळी सरकवून दाखवली, आणि वेणी थोडी सैल चालेल का, असं विचारलं. बाई हो म्हणाल्या. नवीन कण हळूहळू कमी होत गेले. मुलगी आता मैत्रिणींशेजारी बसते.

डोक्याची कातडी लाल झाली असेल, जाड खपल्या धरल्या असतील, पू असेल, केस विरळ होत असतील, किंवा केसावर सरकतही नाही आणि अंड्यासारखी दिसतही नाही अशी मऊ गाठ असेल, तर घरी प्रयोग करू नका. कातडीच्या काही आजारांतही अशा नळ्या येतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात नाहीतर ग्रामीण रुग्णालयात दाखवा, आशाताईंना सोबत घ्या.

पुढच्या बैठकीला येताना एक बारीक फणी आणि एक पांढरं फडकं घेऊन या. उजेडात बसून एकमेकींच्या मुलींचे केस बघू. कण सरकतो का, एवढं आधी पाहायचं, औषधाचं नंतर.