'आम्ही केले' म्हणजे नेमके कोणी?
(तरुणांसाठीच्या मार्गदर्शन वर्गातील भाषणाचे शब्दांकन)

नोकरीच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो, ''तुम्ही यशस्वीपणे पार पाडलेले एखादे काम सांगा.'' आपल्या घरांतील मुले येथे अडखळतात. 'मी केले' म्हणणे आपल्याकडे आत्मस्तुतीचे लक्षण मानले जाते. त्यामुळे उत्तर येते, ''आम्ही मित्रांनी मिळून रक्तदान शिबिर घेतले, ते फार चांगले झाले.'' हा विनय मनाचा असला, तरी समोरच्याच्या हाती काही लागत नाही. संपूर्ण गटाला नव्हे, तर तुम्हा एकट्याला तो नेमणार असतो. तुमच्या वाट्याचे काम कोणते, एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते.

उत्तराचे चार भाग करावेत : परिस्थिती, कृती, फलित आणि एक बोध. साऱ्यासाठी दोन मिनिटे पुरेत, आणि त्यातील निम्मा वेळ कृतीला द्यावा. बहुतेकांचे येथेच चुकते. शिबिराची परंपरा, पाहुणे, मंडप यांतच दीड मिनिट जाते आणि कृतीच्या वाट्याला एक वाक्य उरते.

समजा, बँकेच्या शाखेतील पदासाठी आलेल्या एका वाणिज्य पदवीधराला हेच शिबिर सांगायचे आहे. परिस्थिती तो तीन वाक्यांत सांगेल : ''आमच्या वस्तीतील शिबिरासाठी आदल्या वर्षी 110 जणांनी नावे दिली होती, प्रत्यक्ष रक्तदान 64 जणांनी केले. लोकांना उत्साह नाही, असा सर्वांचा समज झाला. पुढच्या वर्षी नावनोंदणी आणि रांग यांची जबाबदारी माझ्याकडे आली.''

आता कृती. येथे 'मी' म्हणायला संकोच नको. मात्र प्रत्येक 'मी'नंतर एक ठोस क्रियापद यावे. ''मी जुन्या यादीतील, रक्तदान न केलेल्या 46 जणांना दूरध्वनी केले. त्यांपैकी सुमारे 30 जण येऊन, रांग पाहून परत गेले होते. बहुतेक लोक 10 ते 12 या वेळातच आले होते. रक्तपेढीच्या खाटा चार. एका दात्यामागे खाट साधारण 15 मिनिटे अडते, म्हणजे अर्ध्या तासात आठच जण होतात. म्हणून मी सकाळी 9 ते दुपारी 3 या वेळाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे 12 भाग पाडले आणि प्रत्येक भागात आठच नावे घेतली. आदल्या संध्याकाळी सहकाऱ्यांनी प्रत्येकाला वेळेची आठवण दिली व न्याहारी करून येण्यास सांगितले.'' सहकाऱ्यांचे श्रेय एका वाक्यात आले, आणि स्वतःचे कामही झाकले गेले नाही.

फलितात आकडा तुलनेसह द्यावा. ''64 वरून 78'' एवढेच म्हटले तर वाढ किरकोळ वाटते. ''या वेळी नावे 90 होती. त्यांतील 78 जणांनी रक्तदान केले, पाच जण वैद्यकीय तपासणीत थांबवले गेले आणि सात आले नाहीत. आदल्या वर्षी नोंदणीच्या 58 टक्के रक्तदान झाले होते, या वर्षी 87 टक्के,'' असे सांगितले की काम दिसते. मात्र नावे कमी होती, हेही त्याने आपणहून सांगितले आहे, याकडे लक्ष द्या. मुलाखत घेणारा तेथेच बोट ठेवणार असतो. ''हा फरक तुमच्यामुळेच पडला कशावरून?'' असा पुढचा प्रश्न येतो. उत्तर असावे, ''आठवणीच्या दूरध्वनींचाही त्यात वाटा असेल. पण रांगेतून कोणी परत गेले नाही, हे मी दाराशी नोंद ठेवून पाहिले.'' आकडे उसने असतील, तर या दुसऱ्या प्रश्नालाच उत्तर कोसळते.

शेवटी बोध, आणि तो एकच. ''संघटित प्रयत्नांचे महत्त्व कळले'' हे वाक्य कोणत्याही कामाला चिकटवता येते, म्हणून ते निरुपयोगी आहे. बोध त्या कृतीतूनच निघावा : ''लोक येत नाहीत असे म्हणण्यापूर्वी, ते कोठून परत जातात हे मोजावे.'' त्यापुढे, नंतर हे कोठे वापरले याचे एक खरे उदाहरण जोडावे; नसल्यास गप्प राहावे. बँकेतील रांगेशी या बोधाचा संबंध समोरचा स्वतःच जोडील.

पाठांतर मात्र करू नये. चार भागांसाठी चार शब्द लिहून ठेवावेत, आणि त्या कामात हजर असलेल्या एखाद्या सहकाऱ्याला उत्तर ऐकवावे. ''हे तू केलेस? ते तर दुसऱ्याने केले,'' असे तो जेथे म्हणेल, तेथे 'मी' काढून टाकावा. जे 'मी' उरतील, ते निःसंकोच उच्चारावेत. त्यात अहंकार नाही. तो आपल्या कामाचा चोख हिशेब आहे.