बँकेला लिहिलेले पत्र



आज एका पत्राची हकीकत सांगतो. हे पत्र फोनवरून पाठवायचे. त्याला ई-मेल म्हणतात. पण पत्र ते पत्रच.

2024 सालच्या एप्रिल महिन्यातली गोष्ट. आमच्या वाडीतल्या एक मावशी रात्रीच्या वर्गाला येतात. एकदा त्या फोन घेऊनच आल्या. पुतण्याने पडद्याचे चित्र काढून ठेवले होते. त्याला स्क्रीनशॉट म्हणतात.

मावशी म्हणाल्या, "मास्तर, बँकेनं पैसं कापलं बगा. कायतरी लिवा त्यास्नी."

मुलीच्या परीक्षेची फी 500 रुपये होती. त्यासाठी मावशींनी खात्यात 612 रुपये जपून ठेवले होते. पैसे काढायला गेल्या, तर खात्यात 435 उरलेले!

मला राग आला. रागाच्या भरात मी पुतण्याच्या फोनवरून लिहून टाकले, "आमचे पैसे विनाकारण कापले. चौकशी करावी." चित्र जोडले आणि पाठवले. चार दिवसांनी उत्तर आले, "शुल्क नियमाप्रमाणे आहे."

चूक माझीच होती. कोणते पैसे, का चूक, काय हवे, यातले मी काहीच लिहिले नव्हते. मग बँकेने तरी काय शोधावे?

मग आम्ही दोघे चित्र घेऊन बसलो. वाण्याच्या वहीतली ओळ वाचावी, तशी ती ओळ वाचली. तारीख 5 एप्रिल. वजा 177 रुपये. पुढे इंग्रजीत MIN BAL CHGS INCL GST. म्हणजे खात्यात कमीत कमी ठेवायची रक्कम ठेवली नाही, म्हणून दंड, करासह. दंड 150 आणि त्यावर शेकडा 18 प्रमाणे कर 27. झाले 177. मागायचे तर सगळे 177 मागायचे. नुसते 150 मागून कसे चालेल?

पण चित्रात सगळेच नसते. खाते कोणत्या जातीचे, हे त्यात नव्हते. मी विचारले, "मावशी, खातं कधी काढलं?"

"शाळेत बँकेची मान्सं आली हुती तवा. एक पैसा घेतला न्हाई."

पासबुक आणवले. पहिल्या पानावर खात्याचा प्रकार छापला होता, जनधन. तिथेच गाठ सुटली. जनधनचे बचत खाते हे मूलभूत बचत खाते असते. त्यात कमीत कमी रक्कम ठेवण्याची अटच नाही. मग दंड कसला?

खाते साधे असते, तर मी दुसरे विचारले असते. दंडाआधी बँकेचा निरोप आला होता का? रक्कम कमी पडली तर बँकेने आधी कळवायचे आणि भरायला निदान महिनाभर मुदत द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 एप्रिल 2015 पासून आहे. मावशींना तो मुद्दा लागलाच नाही. म्हणून तो पत्रात घातला नाही. लागू नसलेला मुद्दा घातला, की बँक त्यालाच उत्तर देते आणि खरा मुद्दा बाजूला राहतो.

मग नवे पत्र लिहिले ते असे:

"विषय: जनधन खात्यातून कापलेले 177 रुपये परत मिळण्याबाबत.

माझ्या खात्यातून 5 एप्रिल 2024 रोजी 177 रुपये वजा झाले. नोंद 'MIN BAL CHGS INCL GST' अशी आहे. हे जनधन खाते आहे. त्याला किमान रकमेची अट नाही. तरी पूर्ण 177 रुपये परत जमा करावेत. खात्याचा प्रकार आपल्या नोंदीत चुकला असल्यास दुरुस्त करावा. तक्रार क्रमांक कळवावा.

सोबत: पडद्याचे चित्र, पासबुकाचे पहिले पान."

खाली मावशींचे नाव, शाखा, खात्याचे शेवटचे चार आकडे आणि बँकेत नोंदलेला फोन नंबर. पिन किंवा ओटीपी मात्र लिहायचा नाही. खरी बँक तो कधी मागत नाही. चित्रातल्या बाकीच्या ओळीही कापून टाकल्या. मावशींनी कोणाला किती पैसे दिले, ते बँकेच्या तक्रारखात्याला कशाला दाखवायचे? पत्ता पासबुकावर छापलेलाच घेतला.

नोंद दुरुस्त करा, हे वाक्य मुद्दाम घातले होते. नुसते पैसे परत आले असते, तर पुढच्या खेपेला पुन्हा कापले गेले असते. झालेही तसेच होते. संगणकात ते खाते साध्या खात्यांत पडले होते.

तक्रार क्रमांक आला, तो मावशींनी स्वतःच वहीत उतरवून घेतला, तारखेसह. 30 दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. ती cms.rbi.org.in इथे करायची. तिथे बँकेकडे आधी तक्रार केल्याचा पुरावा लागतो.

आम्हाला तिथवर जावे लागले नाही. फीचे पैसे तेवढे शेजारणीकडून उसने घ्यावे लागले. बाराव्या दिवशी मावशी पासबुक भरून आल्या. बोट ठेवून त्यांनी मला वाचून दाखवले, "जमा, एकशे सत्त्याहत्तर."