मेनूकार्डावरचा बोंबील

मैत्रिणींनो, मालवण-तारकर्लीकडे ज्या गटांची खानावळ आहे, त्यांना आज मेनूकार्डाबद्दल थोडं सांगते.

बोंबलाला इंग्रजीत काय लिहिता? बहुतेक जणी 'बॉम्बे डक'. नाव जुनं आहे, खरंही आहे. पण डक म्हणजे बदक! परदेशी पाहुणा बदक मागवतो, पुढ्यात मासा येतो. तो मासे खात नसेल तर ताट परत, आणि नुकसान आपलं.

म्हणून नाव आपलंच ठेवा. मराठीत 'बोंबील फ्राय', शेजारी तेच इंग्रजी अक्षरांत, म्हणजे पाहुण्याला मागता येईल. खाली इंग्रजीत एकच ओळ: मऊ समुद्री मासा, रवा लावून तळलेला. गावच्या पाहुण्याला ही ओळ नकोच असते. त्याला ओला की सुका ते कळायला हवं, म्हणून मराठीत तेवढं नक्की लिहा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा तर हमखास विचारतात.

सोलकढीला 'करी' म्हणू नका, पाहुणा गरम रश्श्याची वाट बघत बसतो. कोकम आणि नारळाच्या दुधाचं थंड पेय, असं लिहा.

आणि भाजीत सुकट किंवा शेंगदाण्याचं कूट असेल तर त्याच ओळीत सांगा. काहींना चिमूटभरानंही अंगावर सूज येते, श्वास अडकतो.

छापण्याआधी कार्ड बाहेरगावच्या कुणाला तरी वाचायला द्या आणि विचारा, "ताटात काय येईल, सांग बघू?" चुकीचं सांगितलं तर ती ओळ बदला.