मामाची मुलगी, आत्याचा मुलगा आणि रक्ताची एक चाचणी
(हिर्डोशी, ता. भोर येथे पालकांसमोर केलेल्या भाषणाचा सारांश)



विवाह जुळविताना आपण गोत्र पाहतो. सगोत्र विवाह टाळतो. मात्र मामाच्या मुलीचे गोत्र वेगळे असते, म्हणून अनेक समाजांत ते स्थळ हक्काचे मानले जाते. गोत्र वडिलांकडून येते, रक्तातील दोष मात्र आईकडूनही येतो. हा भेद आज समजून घेऊ.

थॅलेसेमियाचा 'वाहक' हा आजारी नसतो. तो शेती करतो, नोकरी करतो. आपण वाहक आहोत हे त्याला ठाऊकही नसते. समजा, दोघांची सामाईक आजी वाहक आहे. तिच्या मुलात किंवा मुलीत हा दोष उतरण्याची शक्यता प्रत्येकी निम्मी, नातवंडांत पाव. आत्याचा मुलगा आणि मामाची मुलगी दोघेही वाहक असण्याची शक्यता सोळात एक. दोघे वाहक निघाले, तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक असते. अशा मुलाला साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते आणि त्यामुळे शरीरात साठणारे लोह काढण्याचे औषध सतत घ्यावे लागते.

हे आधी कसे कळते? साध्या रक्ततपासणीत तांबड्या पेशी लहान दिसतात. 'रक्त कमी आहे' म्हणून लोहाच्या गोळ्या देतात, परंतु पेशींचा आकार सुधारत नाही. तेव्हा 'हिमोग्लोबिन ए-२' चे प्रमाण पाहावे. ते साधारण साडेतीन टक्क्यांहून अधिक असल्यास व्यक्ती बहुधा वाहक असते. याच चाचणीत सिकलसेलचा वाहकही कळतो. मात्र खरोखरच लोह कमी असल्यास हे प्रमाण खोटे खाली येऊ शकते. अशा वेळी लोह भरून काढून चाचणी पुन्हा करावी.

चाचणी साखरपुड्यापूर्वी, दोन्ही घरांनी एकाच वेळी करावी. एकट्या मुलीची केली, तर अहवाल काहीही येवो, गावात बोट तिच्याकडेच दाखविले जाते. अहवाल मध्यस्थाच्या हाती देऊ नये. तो मुलाने व मुलीने समोरासमोर बसून वाचावा. एकच जण वाहक असेल, तर या आजाराची भीती उरत नाही; मुले फार तर वाहक होतील. दोघे वाहक असतील, तर निर्णय त्यांचा. सायप्रसमध्ये १९८० च्या दशकापासून चर्च विवाहापूर्वी तपासणीचा दाखला मागते, परंतु विवाह रोखत नाही. तेथील बहुतेक वाहक जोडपी विवाह करतात आणि गर्भाची तपासणी करून घेतात. ती आपल्याकडेही, दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास, करता येते.

घरात पूर्वी एखादे मूल वारंवार रक्त चढवूनही दगावले असेल, तर ते सोयरिकीच्या बैठकीत सांगावे. ती माहिती दडविली, तर तिची किंमत पुढच्या पिढीतील बालकाला मोजावी लागते.