चार ओळींचा परिचय

(नव्याने रुजू झालेल्या शिक्षक व पंचायत कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षण वर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



नव्या ठिकाणी रुजू झाल्यावर आपले नाव तालुक्यातील सहकाऱ्यांच्या मोबाईलवरील समूहात घातले जाते आणि "आपला परिचय द्यावा" अशी सूचना येते. समूहात शे-दीडशे माणसे असतात. त्यांपैकी बहुतेकांनी आपल्याला पाहिलेलेही नसते. तेथे लिहावयाच्या तीन-चार ओळींविषयी मी आज बोलणार आहे.

पुष्कळदा हा परिचय पुढीलप्रमाणे लिहिला जातो : "महोदय, सविनय सादर करण्यात येते की, माझी प्रशासकीय बदलीने आपल्या तालुक्यात पदस्थापना करण्यात आली असून, मी दिनांक अमुक रोजी मध्यान्हपूर्व कार्यभार स्वीकारलेला आहे. तरी सर्वांनी सहकार्य करावे, ही नम्र विनंती." यातील एकही शब्द चुकीचा नाही. रुजू अहवालासाठी हीच भाषा योग्य आहे, कारण तो अहवाल नस्तीत जावयाचा असतो. समूहातील माणसाला मात्र यातून काहीच हाती लागत नाही. "सहकार्य करावे" म्हणजे नेमके काय करावे? तो "स्वागत आहे" असे लिहितो किंवा फुलांचे चित्र पाठवितो, आणि विषय तेथेच संपतो. परिचयाला केवळ स्वागत आले व प्रश्न एकही आला नाही, तर त्यात धरण्यासारखे काही नव्हते असे खुशाल समजावे.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, नाशिक जिल्ह्यातील एक शिक्षिका बदलून नंदुरबार जिल्ह्यात धडगाव तालुक्यात आल्या. शाळा द्विशिक्षकी आहे आणि त्यांच्याकडे पहिली व दुसरीचा एकत्र वर्ग आहे. सातपुड्याच्या या भागात अनेक मुलांची घरची बोली पावरी असते, तर पाठ्यपुस्तक मराठीत असते. बाईंना पावरी येत नाही. त्यांची खरी अडचण ही आहे, आणि तिचा उल्लेख वरील नमुन्यात कोठेच बसत नाही. त्यांनी असे लिहावे :

"सर्वांना नमस्कार. मी ……, गेल्या सोमवारी आपल्या तालुक्यातील …… येथील शाळेत रुजू झाले. यापूर्वी नऊ वर्षे निफाड तालुक्यात होते. माझ्याकडे पहिली-दुसरीचा एकत्र वर्ग आहे. मुले घरी पावरी बोलतात आणि मला ती येत नाही, तेव्हा वर्गात रोज लागणाऱ्या शब्दांची यादी कोणी केली असल्यास कृपया दाखवावी. दोन इयत्तांचे एकत्र वेळापत्रक माझ्याकडे आहे, हवे असल्यास पाठवते."

नमस्कार धरून ही सहा छोटी वाक्ये झाली. यादीची मागणी नेमकी असल्यामुळे जिच्याजवळ अशी वही आहे, ती शिक्षिका ताबडतोब ओळखते की हे आपल्यासाठीच लिहिले आहे. "बोलीभाषेबाबत मार्गदर्शन व्हावे" असे लिहिले असते तर तिला उत्तर कोठून सुरू करावे हेच कळले नसते. एका परिचयात मागणी एकच असावी. तीन मागण्या केल्या की वाचणारा नंतर सवडीने पाहू म्हणतो, आणि ती सवड क्वचितच येते. वेळापत्रकाची ओळ लहान असली तरी महत्त्वाची आहे. बाई नवख्या असल्या तरी रिकाम्या हाताने आलेल्या नाहीत, हे तिच्यामुळे समजते.

भाषेविषयी थोडे सांगतो. स्वतःच्या नावामागे श्री. अथवा सौ. लावू नये, तो मान दुसऱ्याने द्यावयाचा असतो. "करण्यात आली" यापेक्षा "रुजू झाले" किंवा "झालो" असे सरळ लिहावे. बोलणारे माणूस त्यातून दिसते. समूह जिल्ह्याचा किंवा राज्याचा असेल तर गावाबरोबर तालुका व जिल्हा अवश्य द्यावा. पिंपळगाव म्हटले की निफाडमधील बसवंत की पाचोऱ्यातील हरेश्वर, हा प्रश्न उरतोच. पदव्यांची यादी मात्र गाळावी. निवृत्तीला आलेले काही सहकारी याला उद्धटपणा म्हणतील, पण एम. ए., बी. एड. वाचून वहीतील शब्द कोणी पाठवीत नाही.

जन्मतारीख, घरचा पत्ता आणि शालार्थ क्रमांक अशा समूहात लिहू नयेत. मजकूर पुढे कोठे जाईल, हे आपल्या हाती नसते. मुलांची नावे व छायाचित्रेही तेथे नकोत.

दोन दिवसांत उत्तर आले नाही, तर तोच परिचय पुन्हा टाकू नये. केंद्राच्या शिक्षण परिषदेत एखाद्या जुन्या शिक्षकाला प्रत्यक्ष विचारावे. यादी मिळाली, तर आठवड्याने तिच्यातील कोणते शब्द वर्गात उपयोगी पडले आणि कोणते त्या पाड्यावर वेगळे निघाले, ते समूहात कळवावे. ज्याने यादी दिली, त्याला आपली वही दुरुस्त करता येते.